मदत हवी आहे: बेडटाइम मोड रात्री मधेच बंद पडतो, आणि भावाचा फोन मात्र वाजत नाही

हर्णैवाली: रात्री रील्स बघत बसायची सवय सुटावी म्हणून अँड्रॉइडच्या डिजिटल वेलबीइंगमध्ये बेडटाइम मोड लावलाय, रात्री १० ते पहाटे ५. स्क्रीन करडी झाली की खरंच बघवत नाही, सुरमईचं कालवण राखेसारखं दिसतं. पण काही रात्री मधेच रंग परत येतात, मेसेज वाजू लागतात आणि थोड्या वेळाने स्क्रीन आपोआप पुन्हा करडी.
दुसरं म्हणजे, १ ऑगस्टला मासेमारीवरची बंदी उठली आणि भाऊ ट्रॉलरवर गेला. किनाऱ्याजवळ रेंज आली की तो फोन करतो, मग बाबा बंदरावर निघतात. परवा फोन वाजलाच नाही. भावाला स्टार केलेलं आहे. अलार्म नीट वाजतो.

गुहागरी: ग्रेस्केलमुळे निळा प्रकाश जातो, ते चांगलंच. बेडटाइम मोडमधलं डू नॉट डिस्टर्ब मात्र काढून टाका, अलार्मही दाबतं ते.

बापू देवगड: सवय मोडायला ग्रेस्केल ठीक, पण करड्या स्क्रीनच्या पांढऱ्यातही निळा असतोच. त्याला नाइट लाइट वेगळा लावावा लागतो. आणि अलार्मला सूट दिलेली असली की तो वाजतो, ताईंचा वाजतोच आहे.
ताई, तुमच्याकडे त्या रात्री लाईट गेली होती का? मोड ‘चार्जिंगला असताना’ असा लावलेला असेल तर लाईट गेली की फोनला वाटतं चार्जर काढला, आणि मोड उतरतो. लाईट आली की परत चढतो.

हर्णैवाली: अगं बाई, तसंच लावलंय! पावसात लाईट रोजचीच जाते.

बापू देवगड: मग नुसत्या वेळेवर ठेवा. आता भावाचं. फोन त्याच्याच नंबरवरून आला होता का?

हर्णैवाली: नाही, बोट चालवणाऱ्या तांडेलच्या. त्याच्या फोनला रेंज लवकर येते.

बापू देवगड: मग स्टारचा काय उपयोग? स्टार कॉन्टॅक्टला असतो, माणसाला नाही. तांडेलचा नंबर भावाच्याच कॉन्टॅक्टमध्ये दुसरा नंबर म्हणून टाका. शिवाय डू नॉट डिस्टर्बमध्ये ‘रिपीट कॉलर्स’ चालू करा. त्याच नंबरवरून १५ मिनिटांत दुसरा कॉल आला की वाजतो. भावाला सांगून ठेवा, उचलला नाही तर लगेच पुन्हा लाव.

मालवणी काकू: माझ्या आयफोनात स्लीप फोकस लावला तरी रंग तसेच राहतात.

बापू देवगड: काकू, तिकडे ग्रेस्केल अॅक्सेसिबिलिटीतल्या कलर फिल्टर्समध्ये असतं. फोकससोबत आपोआप लागायला शॉर्टकट्समध्ये ऑटोमेशन करावं लागेल.

हर्णैवाली: दोन्ही केलं. काल लाईट जाऊनही स्क्रीन करडीच राहिली. शेजारच्या फोनवरून आधी स्टार नसताना कॉल करून पाहिला, दुसऱ्यांदा वाजला. पण भाऊ कधी कधी व्हॉट्सअॅपवर करतो. स्टार असूनही तो वाजला नाही.

बापू देवगड: डू नॉट डिस्टर्बच्या ‘अॅप्स’मध्ये व्हॉट्सअॅपला सूट देता येते, पण मग गावभरचे ग्रुपही वाजतील. फक्त कॉल्सची कॅटेगरी निवडता येते का ते तुमच्या फोनवर बघा. कुठली कंपनी, कुठलं अँड्रॉइड?