मदत हवी आहे: प्रेडनिसोलोन थांबवल्यावर कॉर्टिसॉल ७.२, पुढे काय करावं?

पुण्यातली ६२ वर्षांची पेशंट. पॉलिमायल्जियासाठी वर्षभर प्रेडनिसोलोन, १५ मिग्रॅपासून हळूहळू उतरवत ४ मिग्रॅवर आणून बंद केलं. दहा दिवसांत अंग मोडून येणं, मळमळ, गळून जाणं. ईएसआर-सीआरपी नॉर्मल, म्हणजे मूळ आजार उलटल्यासारखा वाटत नाही. उभं राहिल्यावर बीपी पडत नाही, सोडियम १३८, साखर ठीक.

सकाळी ८ चं कॉर्टिसॉल ७.२ मायक्रोग्रॅम/डेसिलिटर. गोळी चालू असताना काढलं असतं तर प्रेडनिसोलोननेच आकडा फुगला असता, पण ती बंद आहे. इस्ट्रोजेनच्या गोळ्याही नाहीत. १० च्या वर असतं तर ॲड्रिनल सावरल्या म्हणून निव्वळ विड्रॉवल धरलं असतं. ५ च्या खाली असतं तर स्टेरॉइड चालू ठेवण्यात दुमतच नव्हतं. हा आकडा नेमका मधला, आणि लक्षणं दोन्हीकडे सारखीच. सोडियम नॉर्मल आहे एवढ्यावर इन्सफिशियन्सी नाही म्हणवत नाही, कारण अशा पेशंटमध्ये अल्डोस्टेरॉन शाबूत असतं.

माझा कल: ४ मिग्रॅ पुन्हा सुरू, ताप-उलटीत डोस वाढवायच्या लेखी सूचना, दोन महिन्यांनी आदल्या गोळीनंतर २४ तासांनी पुन्हा कॉर्टिसॉल. की आधीच एसीटीएच स्टिम्युलेशन करावी? सकाळ-दुपार हायड्रोकॉर्टिसोनवर वळवून कोणाला फरक दिसलाय का?