कडू दुधी टाकायचा की खायचा?

केवडा (मूळ पोस्ट): परवा दुधी कडू निघाला. घरात सगळ्यांचं एकच, टाकून दे. कारलं खाताना असं कोणी म्हणत नाही. मी साल जाड काढली, फोडी अर्धा तास मिठाच्या पाण्यात ठेवल्या आणि रस काढून अर्धा पेला प्यायले. काही झालं नाही. कोणी खरंच आजारी पडलेलं पाहिलंय का, की सगळं ऐकीव?

निशिगंध: पाहिलंय, म्हणून लिहिते. एरवी असे धागे मी वाचून सोडून देते. पण तुमचं "काही झालं नाही" वाचून उद्या कोणीतरी अख्खा पेला पिईल, म्हणून राहवलं नाही.

मी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात काम करते. साठीच्या आसपासचे एक गृहस्थ, रोज सकाळी उपाशीपोटी दुधीचा रस घेणारे. त्या दिवशी पहिलाच घोट कडू लागला. ओतून द्यायचं जिवावर आलं, म्हणून नाक दाबून संपवला. साधारण दीडशे मिलिलिटर. अर्ध्या तासात पोटात मुरडा सुरू झाला, मग उलट्या, मग पाण्यासारखे जुलाब. चौथ्या की पाचव्या उलटीत रक्त. आमच्याकडे आणलं तेव्हा वरचा रक्तदाब 80, हातपाय गार, अंग घामाने निथळत होतं. घरच्यांना वाटलं हार्ट अटॅक, आम्हीही आधी ईसीजीच काढला. तो ठीक आला. मग त्यांच्या पत्नी सहज म्हणाल्या, "आज रस फार कडू होता हो." तिथे उलगडा झाला.

दुसऱ्या दिवशी एंडोस्कोपी केली. जठर आणि त्याच्या पुढचा आतड्याचा भाग लालभडक, जागोजागी सोलवटलेला आणि त्यातून रक्त झिरपतंय. याला उतारा नाही. सलाईन, आम्ल कमी करणारं इंजेक्शन, लागलं तर रक्तदाब वर आणणारं औषध, आणि वाट बघणं. यकृताची एन्झाइम्स दोन दिवस चढली आणि मग उतरली. पाचव्या दिवशी ते घरी गेले. ते वाचले, पण घरी झोपून राहिले असते तर वाचले असते असं मी म्हणणार नाही.

आणि मिठाचं पाणी, जाड साल, काही उपयोगाचं नाही. दुधी कडू करणारं विष म्हणजे कुकुर्बिटासिन. ते गरात असतं, पाण्यात फारसं विरघळत नाही आणि शिजवून मोडत नाही. भाजी केली तरी ते तिथेच.

सडेतोड: म्हणजे एक पेशंट. एका पेशंटवरून सगळ्या जगाला दुधी सोडायला सांगायचा? आणि कारल्याचं उत्तर दिलंच नाहीत. कारलंही त्याच कुळातलं, तेही कडू. मी तीस वर्षं खातोय.

निशिगंध: दुधी सोडा असं मी कुठे लिहिलंय? *कडू* दुधी सोडा म्हणतेय. कारल्यातली कडू द्रव्यं दूरच्या नात्यातली आहेत, पण तीच नव्हेत. कारलं कडूच असतं, त्या कडूपणासह माणसाने ते निवडून लावलं आणि शतकानुशतकं खाल्लं. दुधीचं उलट आहे. रानातला कडू, घरातला गोड. घरातला कडू झाला याचा अर्थ त्यात असायला नको ते पुन्हा आलंय.

आणि कारल्याचा विषय काढलातच तर ऐका. 2010 साली दिल्लीत एका शास्त्रज्ञांचा मृत्यू झाला, तो दुधी आणि कारल्याचा एकत्र रस प्यायल्यावर. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने या विषयासाठी तज्ज्ञ बसवले. त्यांच्या सल्ल्यातलं एक कलम हेच होतं की दुधीच्या रसात दुसरा रस मिसळू नका. का, ते तुम्हीच विचार करून बघा. कडवट चव हा आपल्याला मिळणारा एकमेव इशारा आहे. त्यात कारलं घातलं की तो इशाराच पुसला जातो. लिंबू, मध, आलं, पुदिना, सगळ्यांचं तेच.

वैद्यांची नात: कडू रस पित्तशामक असतो, हे आजोबांकडून ऐकत मोठी झाले. सगळं कडू विषारी ठरवून टाकायचं हे मला पटत नाही. पण आज त्यांची जुनी वही काढून बसले, तेव्हा एक गोष्ट कबूल करायला हवी. कडू भोपळ्याला ग्रंथात इक्ष्वाकू म्हणतात आणि चरकाच्या कल्पस्थानात त्याच्यावर वेगळा अध्याय आहे. तो कशासाठी? वमनासाठी. उलटी करवण्यासाठी, तेही रोगी बघून, मात्रा ठरवून, वैद्य शेजारी बसून. रोज सकाळी पेलाभर प्या असं तिथे कुठेही नाही. एवढं मी निशिगंध यांच्या बाजूने देते, बाकी नाही.

साधासुधा: काकडीच्या देठाकडचं टोक कापून फेस येईपर्यंत चोळलं की कडूपणा जातो. आमच्याकडे सगळे असंच करतात. दुधीलाही तेच करा, एवढी चर्चा कशाला?

परसबाग: अहो, प्रश्न दुधीचा आहे. बरं, खरं कारण कोणीच बोलत नाही म्हणून मी बोलतो. हे सगळं हायब्रीड बियाण्यांमुळे आणि फवारण्यांमुळे. विकतच्या दुधीत काय काय टोचतात देव जाणे. मी घरचं बी लावतो, फवारणी शून्य. मागच्या वर्षी माझा एक वेल कडू निघाला, कारण शेजारी शोभेच्या भोपळ्याचा वेल होता आणि मधमाश्यांनी परागकण इकडून तिकडे नेले. दोष रसायनांचा आणि संकराचा, दुधीचा नाही.

माळीण: तुमचं अर्धं बरोबर आहे आणि अर्धं घातक आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मधमाशीने परागकण आणले तरी *त्या* वर्षीच्या फळाचा गर बदलत नाही. गर आईच्या वेलाचा असतो, परागकणाचा वाटा फक्त आतल्या बियांत जातो. म्हणजे त्या फळाची चव नेहमीचीच राहणार. धोका पुढच्या वर्षी असतो, त्याच बिया पेरल्यावर. तुमचा वेल कडू निघाला ना? मग बी तुम्ही आदल्या वर्षीच्या स्वतःच्याच फळातून धरलं होतं का, आणि शोभेचा वेल तेव्हाही शेजारी होता का?

परसबाग: होता. दोन वर्षांपासून आहे. पण म्हणून विकतचं बियाणं चांगलं असं तुम्ही सिद्ध करताय की काय? या कंपन्यांनी आपलं देशी बी संपवलं, त्यावर कोणी बोलत नाही.

माळीण: देशी बी जपावं असं मलाही मनापासून वाटतं, तीन जाती मी स्वतः सांभाळते. पण जपायची पद्धत असते. बियांसाठी ठेवायच्या फुलाला आदल्या संध्याकाळी कागदी पिशवी बांधायची. दुधी रात्री फुलतो, म्हणून उशीर करायचा नाही. मग त्याच जातीच्या नर फुलाने हाताने परागीकरण करायचं आणि पिशवी पुन्हा बांधायची. हे न करता उघड्यावर लागलेल्या फळाचं बी धरायचं आणि वर "घरचं म्हणजे सुरक्षित" म्हणायचं, हे चुकीचं आहे. हा कडूपणा रसायनाने येत नाही. तो वेलाचा स्वतःचा आहे, किडीने आणि जनावराने खाऊ नये म्हणून. माणसाने बी निवडत निवडत तो काढला. निवड सुटली की तो परत येतो.

2015 मध्ये जर्मनीत एक 79 वर्षांचे गृहस्थ घरगुती बागेतल्या झुकिनीची शिजवलेली भाजी खाऊन दगावले. त्यांच्या पत्नीने कडू लागते म्हणून थोडीच खाल्ली आणि त्या वाचल्या. तिथेही ना रस होता ना बाजार.

परसबाग: मला खुनी ठरवायचंय का तुम्हाला? मी वीस वर्षं बाग करतोय, माझा दुधी शेजारपाजारचे सगळे खातात.

माळीण: म्हणूनच सांगतेय. शेजारपाजारचे खातात.

सडेतोड: भांडण बाजूला ठेवा. निशिगंध, हे शरीरात नक्की करतं काय? "विष आहे" यापुढे कोणी जात नाही.

निशिगंध: चांगला प्रश्न. पेशीला आतून आकार देणारे बारीक धागे असतात. प्रयोगशाळेतल्या पेशींवर कुकुर्बिटासिन टाकलं की हे धागे गोळा होतात आणि पेशी आक्रसते. आतड्याचं अस्तर पेशी एकमेकींना घट्ट चिकटून राहिल्या तरच शाबूत राहतं. दुसरं म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगात बारीक रक्तवाहिन्या गळक्या होतात, रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं. त्या गृहस्थांचा रक्तदाब जितका खाली गेला, तितकं पाणी उलटी-जुलाबांतून गेलेलं नव्हतं, ते मला अजून लक्षात आहे.

किती मात्रा घातक हे विचारू नका. प्रत्येक फळात प्रमाण वेगळं असतं. एकाच वेलावर उन्हाचा आणि पाण्याच्या ओढीचा ताण पडला तर आधीची फळं गोड आणि नंतरची कडू असंही होतं. म्हणून प्रत्येक दुधीची वेगळी चव घ्यायची, आणि रसाला दोन दुधी लागत असतील तर दोन्हींची. देठाकडची, मधली आणि टोकाकडची पातळ चकती जिभेवर ठेवायची, थुंकायची, चूळ भरायची. कडू लागली तर अख्खा दुधी टाकायचा.

साधासुधा, काकडीत कडूपणा देठाशी आणि सालीखाली जास्त असतो, म्हणून टोक कापण्यात अर्थ आहे. चोळण्याने काही होत नाही. मधला गर कडू लागला तर काकडीही टाकाच.

साधासुधा: चोळून इतकी वर्षं फरक पडतोय आमच्याकडे. टोकही कापतो म्हणा.

वैद्यांची नात: अगदी किंचित, जेमतेम जाणवेल इतका कडवटपणा असेल आणि भाजी केली तर? तेही टाकायचं? घरोघरी असं पोटात जातच असेल.

निशिगंध: जात असेल, आणि बहुतेकांना काही होतही नसेल. मी टाकते. ज्या माणसाला कडू नीट कळत नाही, वय झालेलं आहे किंवा सर्दीने तोंडाची चव गेली आहे, त्याच्या "किंचित"वर माझा विश्वास नाही. केवडा, तुम्ही मधेच गप्प झालात. त्या दिवशी पोटात खरंच काहीच झालं नाही?

केवडा: वाचतेय सगळं. दुपारी तीन-चार वेळा जावं लागलं होतं आणि कळ येत होती. मी ती शरीरशुद्धी समजले, म्हणून लिहिलं नाही. कारल्याबद्दलचं सगळं मला अजून पटलेलं नाही. रस मात्र बंद केला. उरलेला अर्धा दुधी फ्रीजमध्ये होता, तो आत्ता टाकला.

निशिगंध: आज कसं आहे? उलटी, चक्कर, काळी शी?

केवडा: नाही. थोडी मळमळ आहे फक्त.

निशिगंध: परवाची गोष्ट आहे आणि मळमळ अजून आहे, तर आज डॉक्टरांना दाखवून या. लिव्हरची रक्त तपासणी करायला सांगा आणि "कडू दुधीचा रस प्यायले होते" हे पहिल्याच वाक्यात सांगा. ते विचारणार नाहीत.

परसबाग: माळीण, ती पिशवी कापडी चालेल का? आणि यंदाचं धरलेलं बी फेकायचं की एक वेल लावून चव बघायची?

माळीण: पातळ मलमल चालेल. ते बी फेका.