स्फोटाजवळ गेलं की गेम अडकतो
> स्फोटात ३००च पार्टिकल आहेत, तरी कॅमेरा जवळ नेला की गेम अडकतो. अजून किती कमी करू?

लांबून नीट चालतंय म्हणजे घोळ संख्येचा नाही, ओव्हरड्रॉचा आहे. धुराचे मोठे पारदर्शक चौकोन एकावर एक येतात आणि जीपीयू तोच पिक्सेल पुन्हापुन्हा रंगवत बसतो. खात्री करायची तर रिझोल्यूशन निम्मं करून बघ, लगेच स्मूथ झालं तर हेच कारण. ठिणग्यांना हात लावू नकोस, त्या बारीक असतात, स्वस्तात पडतात आणि खरी शोभा त्यांचीच. धूर मात्र १०-१५ पार्टिकलवर आण आणि प्रत्येकाला ८×८ फ्लिपबुक लाव, ६४ फ्रेममध्ये धूर आतल्या आत घुसळताना दिसतो त्यामुळे कमी वाटतच नाही. फ्रेम ब्लेंडिंग चालू ठेव, नाहीतर झटके दिसतील.