चढाईचा वेळ सपाटीच्या वेळेत सरळ मिळवायचा का?

निवांत_पेडल: राइड १६० किमीची, एकूण चढाई २४०० मीटर, सुरुवात आणि शेवट एकाच ठिकाणी. सपाटीवर माझा वेग ताशी २५ किमी. चढावर तासाला ६०० मीटर उंची गाठतो. १६० भागिले २५ म्हणजे ६ तास २४ मिनिटं, २४०० भागिले ६०० म्हणजे ४ तास. एकूण १० तास २४ मिनिटं. हा हिशोब बरोबर आहे का?

चढउतार: बरोबर आहे, असाच करतात. डोंगरात चालणाऱ्यांसाठी नेस्मिथने १८९२ मध्ये हाच नियम घालून दिला: अंतराचा वेळ काढा, त्यात दर दोन हजार फुटांना एक तास मिळवा. दोन हजार फूट म्हणजे जवळपास तुमचेच ६०० मीटर. थोडा वेळ जास्त धरला गेला तरी चालेल, कमी धरला तर अंधारात उतरावं लागेल.

मोजणीदार: चालण्याचा नियम सायकलला तसाच लावला की इथेच घोळ होतो. चालणाऱ्याला उतारावर फारसा वेळ परत मिळत नाही, सायकलस्वाराला मिळतो. दुसरं म्हणजे नेस्मिथचा तास हा जादा तास आहे, अंतराचा वेळ मोजून झाल्यावर वर लागणारा. तुमचे ६०० मीटर तसे नाहीत. ते चढाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत लागलेल्या पूर्ण वेळेवरून काढलेले आहेत, म्हणजे चढावरचं अंतर त्यात आधीच आलं. तेच अंतर तुम्ही ताशी २५ ने पुन्हा मोजलंत.

चढ सरासरी ६ टक्क्यांचे धरा. २४०० मीटर उंचीसाठी ४० किमी चढ आणि तितकाच उतार. चढाला ४ तास, कारण ६ टक्क्यांवर तासाला ६०० मीटर म्हणजे ताशी १० किमी. उतार ताशी ३५ ने १ तास ९ मिनिटं. उरलेले ८० किमी ताशी २५ ने ३ तास १२ मिनिटं. एकूण ८ तास २१ मिनिटं. तुमच्या बेरजेपेक्षा दोन तास कमी.

चढउतार: पण यात थकवा कुठे आहे? थांबे कुठे आहेत?

मोजणीदार: ते धरायलाच हवेत, पण वेगळे. ६०० हा आकडा ताज्या पायांनी केलेल्या तासाभराच्या चढावरचा असेल, तर चार तास तो टिकणार नाही. पहिले १२०० मीटर ६०० ने आणि पुढचे १२०० मीटर ४८० ने धरले, तर अर्धा तास वाढतो. थांब्यांना दीड तास द्या. झाले १० तास २१ मिनिटं.

चढउतार: म्हणजे माझ्याच बेरजेवर आलात की! तीन मिनिटांचा फरक. मग एवढी उठाठेव कशासाठी?

मोजणीदार: या एका रस्त्यावर दोन चुकांनी एकमेकींना झाकलं, एवढंच. २४०० मीटर आणि १६० किमी तेच ठेवा, फक्त चढाची तीव्रता बदलून बघा. चढ १० टक्क्यांचे असले तर चढ २४ किमी, उतार २४ किमी आणि सपाटी ११२ किमी. इतक्या उभ्या उतारावर ब्रेक जास्त लागतात म्हणून ताशी ३० धरतो. एकूण ९ तास १७ मिनिटं. चढ ३ टक्क्यांचे असले तर ८० किमी चढ, ८० किमी उतार, सपाटी नाहीच. इथे चढाचा आकडाही बदलावा लागतो. कमी तीव्रतेच्या चढावर वेग वाढतो, जोराचा मोठा वाटा हवा कापण्यात आणि टायरच्या घर्षणात जातो, त्यामुळे तेवढ्याच ताकदीने ६०० ऐवजी साधारण ५०० मीटरच होतात. तरीही एकूण ७ तास ५ मिनिटं. तुमची बेरीज तिन्ही रस्त्यांना १० तास २४ मिनिटंच सांगते.

एका ओळीतलाच नियम हवा असेल तर सपाटीच्या वेळेत दर हजार मीटरमागे जादा मिनिटं मिळवा: ३ टक्क्यांना १७, ६ टक्क्यांना ४९, १० टक्क्यांना ७२. हे आकडे याच सायकलस्वाराचे आहेत, आणि राइड संपते तिथली उंची सुरुवातीइतकीच असली तरच चालतात. माथ्यावर संपणाऱ्या राइडमध्ये उतार वेळ परत करत नाही.

लहान_गिअर: ६०० वाढवायचे असतील तर आधी कॅसेट बघा. पुढे ३४ आणि मागे ३२ दात असताना पेडलच्या एका फेरीत सायकल सव्वादोन मीटर जाते. १० टक्क्यांवर ताशी ६ किमी म्हणजे मिनिटाला ४५ फेऱ्या. इतक्या कमी फेऱ्यांत गुडघ्यांवर ताण येतो आणि मांड्या लवकर भरतात.

मोजणीदार: वेग वाढवायचा प्रश्न नव्हता, पण मुद्दा अंदाजाच्या कामाचा आहे. ६ टक्क्यांवर त्याच गिअरमध्ये ७५ फेऱ्या पडतात, म्हणून तिथला ६०० खरा. १० टक्क्यांवर तो फार वेळ धरून ठेवता येईल असं समजू नका.

जुनी_डायरी: मला हे सगळं नाजूक वाटतं. तीव्रता, उताराचा वेग, थकव्याची घट, प्रत्येक आकडा अंदाजाचा. त्यापेक्षा दर किलोमीटरला किती मीटर चढाई ते काढा. इथे १५ येतात. आधीच्या ज्या राइडमध्ये १३ ते १७ येतात, त्यांचा थांब्यांसकट सरासरी वेग घ्या आणि भागाकार करा. थकवा, ब्रेक, खराब रस्ता, सगळं त्यात आपोआप येतं.

मोजणीदार: वरच्या तिन्ही रस्त्यांना १५ च येतात, आणि वेळ मात्र ७ तासांपासून सव्वानऊ तासांपर्यंत.

जुनी_डायरी: कागदावर. एका भागातल्या रस्त्यांची घडण सहसा सारखी असते, म्हणून तिथल्याच जुन्या राइड घ्यायच्या. अनोळखी भागात जायचं असेल तर तुमची पद्धत मान्य.

चढउतार: उताराचे ताशी ३५ तरी कुठून आणले? वळणावळणाचा रस्ता असेल तर?

मोजणीदार: ताशी २८ धरा, ४० किमीला १७ मिनिटं वाढतील. पण चढाचा आकडा ६०० ऐवजी ५४० निघाला तर २७ मिनिटं वाढतात. आधी चढाचा आकडा पक्का करा, आणि तो राइडच्या उत्तरार्धातल्या चढावरून काढा.

निवांत_पेडल: मोठे चढ तीनच आहेत: ५५०, ७०० आणि ४५० मीटर, तिन्ही ६ टक्क्यांच्या आसपास. बाकीचे ७०० मीटर बारीक चढउतारांचे. शिवाय दुसऱ्या नकाशावर एकूण चढाई २१०० च दिसते.

मोजणीदार: फरक त्या बारीक मीटरांतलाच असणार. नकाशाच्या उंचीत पूल आणि बोगदेही चढ म्हणून मोजले जातात. मोठ्या चढांच्या पायथ्याची आणि माथ्याची उंची मात्र सहसा दोन्हीकडे जुळते. म्हणून १७०० मीटरच चढाच्या हिशोबात घ्या: २८ किमी चढ २ तास ५० मिनिटं, २८ किमी उतार ४८ मिनिटं. उरलेल्या १०४ किमीवर छोटे चढ बरेचसे उताराच्या जोरावर निघतात, तिथे मीटर मोजू नका, वेग २५ वरून २३ करा. ४ तास ३१ मिनिटं. एकूण ८ तास ९ मिनिटं, वर थकवा आणि थांबे.

जुनी_डायरी: २३ जास्त आहे. १०४ किमीत ७०० मीटर, आणि त्यातले बरेच शेवटच्या चढानंतरचे असतील तर २१ सुद्धा पडणार नाहीत. ते कुठे आहेत ते आधी सांगा.