लिलाव झाला की नियामक कशाला?

मुक्तद्वार: पाणीपुरवठ्यात एका शहरात एकच कंपनी राहणार, हे मान्य. पण म्हणून दर ठरवायला नियामक का पोसायचा? दहा कंपन्यांना बोली लावू द्या, जी सर्वांत स्वस्तात पाणी देईल तिला मक्ता द्या. स्पर्धा बाजारात नाही तर बाजारासाठी होईल. अर्थशास्त्रज्ञ डेमसेट्झने १९६८ सालीच हे दाखवून दिलंय. यात चूक कुठे आहे ते कुणीतरी सांगा.

जलमापक: सांगतो. दर दोन महिन्यांनी हेच ऐकून कंटाळलोय, म्हणून जरा लांबलचक होईल.

डेमसेट्झचं उदाहरण गाड्यांच्या नंबरप्लेटांचं होतं. यंदा या कारखान्याकडून घ्या, पुढच्या वर्षी दुसऱ्याकडून. जमिनीत काहीच पुरायचं नाही. पुरलेल्या वस्तूंचा आणि पुढच्या अनिश्चिततेचा प्रश्न त्यानं स्वतःच बाजूला ठेवला होता. पाण्याच्या धंद्यात तर तेवढाच प्रश्न आहे.

आर्जेन्टिनाची राजधानी ब्युनॉस आयर्स घ्या. १९९३ साली तिथलं पाणी आणि सांडपाणी ३० वर्षांसाठी लिलावात दिलं. चालू दरावर जास्तीत जास्त सूट देईल तो जिंकणार, अशी अट. जिंकलेल्या गटानं २६.९ टक्के सूट दिली, दुसऱ्यानं २६.१. इतकी चुरस, म्हणजे तुमच्या हिशेबानं आदर्श लिलाव. आता पाटीवर मांडा. जुना दर १०० धरला तर विजेत्याचा ७३.१ आणि हरलेल्याचा ७३.९. वर्षभरातच, १९९४ च्या मध्यावर, दर १३.५ टक्क्यांनी वाढवून मिळाला. कारण दिलं की सरकारनं करारात नसलेली जादा कामं सांगितली. दर झाला ८३. म्हणजे ७३.९ वाला घरी बसला आणि लोक ८३ भरू लागले. जादा कामांना ८३ हा भाव रास्त होता का? असेलही. पण तो कुठल्या स्पर्धेतून आला? कुठल्याच नाही. टेबलाच्या एका बाजूला एकटी कंपनी, दुसऱ्या बाजूला सरकार. त्या दिवशी लिलाव संपला आणि नियमन सुरू झालं, तेही तयारी नसलेलं.

आणि हो, लिलावाआधीच्या दोन वर्षांत सरकारनं दर चढवून ठेवले होते. सूट कशावरची, हेही बघायला हवं.

मुक्तद्वार: एक वाईट करार दाखवून तत्त्व मोडीत निघत नाही. आणि गोष्ट अर्धीच सांगितलीत. एक अभ्यास सांगतो, आर्जेन्टिनात ज्या गावांत पाणी खाजगीकडे गेलं तिथे बालमृत्यू सुमारे ८ टक्क्यांनी घटले, गरीब वस्त्यांत त्याहून बरेच जास्त. सरकारी खात्यानं ती मुलं वाचवली नव्हती.

जलमापक: तो अभ्यास मलाही पटतो. नळ पोहोचले, मुलं वाचली, यावर वाद घालणार नाही. पण त्यातून सिद्ध होतं ते खाजगी कंपनी चांगलं चालवू शकते एवढंच. लिलाव नियामकाची जागा घेतो, हे त्यात कुठे आहे?

नळ पोहोचण्याचाच तपशील बघा. करारात नव्या जोडणीचा खर्च नव्या ग्राहकानं द्यायचा होता. नवे ग्राहक म्हणजे शहराच्या कडेला राहणारे गरीब. त्यांना तो झेपेना. शेवटी १९९७ साली फेरवाटाघाटी होऊन तो बोजा सगळ्या ग्राहकांच्या बिलात वाटला. निर्णय चांगलाच होता. पण कुणाच्या बिलातून कुणाचा नळ, हे ठरवायला लिलावाची पेटी उघडत नाही, कुणीतरी बसून ठरवावं लागतं.

दोन_बादल्या: माझा प्रश्न वेगळा आहे. दहा कंपन्या म्हणजे माझ्या घरापर्यंत दहा नळ टाकणार का? रस्ता किती वेळा खणणार?

जलमापक: नाही हो. नळ एकच. तो कोण चालवणार, याची बोली.

सातवा_मजला: आमच्या इमारतीच्या लिफ्टचं हुबेहूब हेच झालं. देखभालीची निविदा काढली, सर्वांत कमी बोलीवाल्याला तीन वर्षांचं कंत्राट दिलं. मधल्या काळात त्यानं कंट्रोलर बदलला. मुदत संपली तेव्हा नवी निविदा काढली, तर दुसरे लोक येऊन पॅनल उघडून बघत आणि हात वर करत. कंट्रोलरला पासवर्ड होता आणि तो फक्त जुन्या माणसाकडे. त्यानं भाव सरळ दुप्पट सांगितला. माझी आई ८१ वर्षांची, सातव्या मजल्यावर. चार दिवस लिफ्ट बंद, ती औषधालाही खाली उतरू शकली नाही. पाचव्या दिवशी आम्ही सही केली.

तारतम्य: चूक तुमच्या समितीची. कंट्रोलर बदलताना पासवर्ड लिहून घ्यायचा ना!

सातवा_मजला: समितीत एक निवृत्त शिक्षक, एक दंतवैद्य आणि मी. कंट्रोलरला पासवर्ड असतो हे आम्हाला कसं कळणार?

तारतम्य: मग माहीतगार नेमायचा. मी २२ वर्षं लिफ्टच्या धंद्यात काढली आहेत. जो तो स्वस्तातला बघतो आणि मग आमच्या नावानं बोटं मोडतो. एवढ्या कमी पैशांत तो माणूस कमावणार तरी कशातून? सुट्या भागांतून आणि तुम्हाला अडकवण्यातून. आधीच कळायला हवं होतं.

सातवा_मजला: म्हातारी बाई चार दिवस अडकली आणि तुम्ही आम्हालाच शिकवताय? लाज वाटू द्या.

तारतम्य: तुमच्या आईबद्दल वाईट वाटतं, ते मनापासून. पण म्हणालो ते खरं आहे.

जलमापक: दोघंही भांडू नका, तुम्ही माझाच मुद्दा मांडलाय. पहिल्या दिवशी सगळे बोलीदार सारखे असतात. तीन वर्षांनी एकाकडे पासवर्ड असतो. पाण्यात पासवर्ड म्हणजे कुठली वाहिनी कुठून जाते याचे नकाशे, कुठला व्हॉल्व्ह अडकतो हे ठाऊक असलेली माणसं, गळतीच्या नोंदी. दुसऱ्या लिलावात नवखा बोली लावणार कशाच्या आधारावर? आणि ‘माहीतगार नेमा’ असं तारतम्य म्हणाले. कायम नेमलेला, हिशेब मागणारा माहीतगार म्हणजेच नियामक.

मुक्तद्वार: मग लंडनच्या बस? १९८५ पासून मार्गांच्या निविदा निघतात, मुदत साधारण पाच ते सात वर्षं, आणि कंपन्या खरोखर बदलतात. तिथे पासवर्ड कुठे गेला?

जलमापक: चांगलं उदाहरण आहे, मानतो. तिथे चालतं कारण हरलेला आपली बस दुसऱ्या मार्गावर नेतो किंवा विकतो. वाहिनी उपटून नेता येत नाही. आणि तिथेही मार्ग, वेळापत्रक, भाडं सगळं सार्वजनिक संस्था ठरवते. कंपनी फक्त चालवण्याच्या खर्चाची बोली लावते. नियामक हटलेला नाही, उलट जास्त कामाला लागलाय.

मुक्तद्वार: ठीक. म्हणजे वाहिन्या सरकारच्या, चालवण्याचा मक्ता पाच वर्षांचा, नकाशे आणि नोंदी पहिल्या दिवसापासून सरकारी दप्तरात. एवढं केलं तर लिलाव चालेल, हे तरी मान्य करा.

जलमापक: चालवण्यापुरता चालेल. पण ४० वर्षं टिकणारी वाहिनी पाच वर्षांचा पाहुणा कशाला बदलेल? शेवटच्या दोन वर्षांत तर तो गळतीला पट्ट्या बांधून निघून जाईल. मुदत वाढवली की पुन्हा ब्युनॉस आयर्स. २००२ साली चलन कोसळलं, दर गोठवले गेले, कुणाचं नुकसान कुणी सोसायचं यावर वर्षानुवर्षं भांडणं झाली आणि २००६ साली सरकारनं करार रद्द केला. ३० पैकी १३ वर्षं.

मुक्तद्वार: दर सरकारनंच गोठवले ना? मग दोष लिलावाचा कसा? करार मोडणारं सरकार असेल तर तुमचा नियामक तरी काय करणार? त्याच सरकारनं नेमलेला तो.

जलमापक: याचं पुरं उत्तर माझ्याकडे नाही. नियामकाला वाकवता येतं, तिथेही वाकवलं गेलं. तरी लेखी कारणं देऊन दर ठरवावे लागले तर वाकवलेलं निदान दिसतं.

मुक्तद्वार: दिसून बिल कमी होत नाही.

सातवा_मजला: तुमचं चालू द्या. तारतम्य, पुढच्या महिन्यात आमचं कंत्राट संपतंय. पासवर्डाचं कलम नेमकं कसं लिहायचं ते सांगाल का?

तारतम्य: लिहा: कंट्रोलरचा पासवर्ड, वायरिंगचा नकाशा आणि बदललेल्या प्रत्येक भागाची नोंद मालकाकडे राहील. बदल झाला की सात दिवसांत नवी प्रत द्यायची, नाहीतर त्या महिन्याचं बिल नाही. आणि पासवर्ड मिळाल्यावर त्याच्यासमोरच टाकून बघा. बरेचदा जुनाच देतात.