मदत हवी आहे: ऑफिसात पेनड्राइव्हची नोटीस लावायची आहे, मजकूर द्या (उद्या सकाळपर्यंत)

खर्डेघाशा: साहेब म्हणतात उद्या दहाला नोटीस बोर्डावर पाहिजे. कोणाकडे तयार मजकूर असेल तर टाका. तीन पेनड्राइव्ह सगळ्या टेबलांवर फिरतात अन् दर पंधरा दिवसांनी तेच. मी तिसऱ्यांदा फॉर्मेट मारला. परवा कपाशीच्या नुकसानीची यादी गेली, दोन दिवसांची टायपिंग. लवकर सांगा.

पांदणवाट: तेच म्हणजे काय जी? फाइल दिसत नाही, उघडत नाही, की पेनड्राइव्हच लागत नाही? विंडोज कोणतं?

तुरीची शेंग: माझ्या साळ्याच्या लग्नाचे फोटो असेच गेले होते. नागपूरला एकाने काढून दिले, पण पैसे लय घेतले. तुमचेही निघतील.

खर्डेघाशा: फोटो नाही भाऊ, नोटीस पाहिजे. कधी फोल्डरच्या जागी बाण असलेलं चिन्ह येते, कधी You need to format the disk असं येते. कॉम्प्युटर सहा, विंडोज १०.

कोरडवाहू: नोटिशीत एकच ओळ लिहा, 'ऑटोरन बंद करावे'. विषय संपला.

पांदणवाट: अर्धंच बरोबर आहे. पेनड्राइव्ह लावताच आपोआप सुरू होणारे व्हायरस विंडोज ७ पासूनच अडतात. हा बाणवाला माणसाच्या क्लिकवर चालतो. तो तुमचं खरं फोल्डर लपवतो, त्याच नावाचा शॉर्टकट ठेवतो, अन् तुम्ही आपलंच फोल्डर समजून उघडता. ओळखायचं असं: आत एक-दोन केबीचे शॉर्टकटच दिसतात, पण प्रॉपर्टीजमध्ये जागा भरलेलीच असते. म्हणजे यादी गेलेली नाही, लपलेली आहे. शॉर्टकट न उघडता डिलीट करा अन् कमांड प्रॉम्प्टमध्ये हे चालवा:

```
attrib -h -r -s /s /d E:\*.*
```

E च्या जागी तुमच्या पेनड्राइव्हचं अक्षर टाका. चुकून C टाकाल तर वेगळीच पंचाईत होईल.

खर्डेघाशा: पण मी तर फॉर्मेट मारला न.

पांदणवाट: काहून मारला बाप्पा! आता त्या पेनड्राइव्हवर काहीच कॉपी करू नका, रिकव्हरीवाल्या सॉफ्टवेअरने पाहा. क्विक फॉर्मेट असेल तर थोडी आशा आहे, खात्री देत नाही. अन् फॉर्मेटने पेनड्राइव्ह साफ होते, कॉम्प्युटर नाही. सहापैकी एकात तो बसला आहे. रिकामी पेनड्राइव्ह घ्या, दोन साध्या फाइली टाका, एकेका कॉम्प्युटरला लावा अन् प्रत्येकानंतर पाहा. ज्याच्यानंतर बाण आला, तो तुमचा. तिथंच थांबा, पेनड्राइव्ह साफ केल्याशिवाय पुढच्याला लावू नका. बाहेर प्रिंटला कुठं नेता?

खर्डेघाशा: बसस्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे. आमचा प्रिंटर दिवाळीपासून बंद आहे.

पांदणवाट: हे आधी सांगायचं न! त्याच्या कॉम्प्युटरला दिवसभर शंभर लोकांच्या पेनड्राइव्ह लागतात.

नदीकाठ: पेनड्राइव्हच बंद करा, गूगल ड्राइव्हवर टाका, लिंक पाठवा.

खर्डेघाशा: इकडे दुपारी लाईन गेली की टॉवरही झोपते.

कोरडवाहू: मग त्या फॉर्मेटवाल्या मेसेजचं काय? 'सेफली रिमूव्ह करा' लिहू नका, विंडोज १० मध्ये त्याची गरज नाही.

पांदणवाट: २०१८ च्या अपडेटपासून विंडोज आपली लिहिणी अडवून ठेवत नाही, हे खरं. पण तुमचे लोक यादी पेनड्राइव्हवरूनच उघडतात, तिथंच सेव्ह मारतात, अन् तेवढ्यात कोणी ओढते नाहीतर लाईन जाते. अर्धवट लिहिलं की तो मेसेज येते. हा व्हायरस नव्हे, वेगळं दुखणं आहे, नोटिशीत दोन्ही वेगळे लिहा. फाइल आधी डेस्कटॉपवर, काम तिथं, शेवटी कॉपी. अन् तो मेसेज आला की Cancel दाबायचं, Format disk नाही.

तुरीची शेंग: झेरॉक्सवाल्याकडे माझ्या वर्डमध्ये मराठीच्या जागी भलतीच इंग्रजी अक्षरं येतात, कृतिदेव आहे. त्याचं काही?

पांदणवाट: पीडीएफ करून न्या. खर्डेघाशा, तुम्हालाही तेच सांगणार होतो. झेरॉक्सची पेनड्राइव्ह वेगळी, तिच्यात फक्त पीडीएफ, मूळ फाइल कधीच नाही. परत आली की ऑफिसातल्या एकाच कॉम्प्युटरला लावून फॉर्मेट. गेली तर फक्त प्रत जाते. त्या कॉम्प्युटरवर फाइलींची पूर्ण नावं अन् लपलेल्या फाइली दाखवायचं चालू ठेवा.

खर्डेघाशा: बरं, हे लावतो:
'लाल दोरीची पेनड्राइव्ह फक्त झेरॉक्ससाठी राहील व तिच्यात पीडीएफच न्यावी. परत आल्यावर ती प्रथम आवक टेबलच्या संगणकालाच लावावी व तिथे फॉर्मेट करावी. फाइल पेनड्राइव्हवर उघडून काम करू नये. बाणाचे चिन्ह दिसल्यास क्लिक न करता पेनड्राइव्ह आवक टेबलकडे द्यावी. फॉर्मेटबाबत संदेश आल्यास काहीही न करता कळवावे. कोणीही स्वतः फॉर्मेट करू नये, लाल दोरी वगळून.'

कोरडवाहू: शेवटची ओळ तुमच्यासाठीच दिसते.

पांदणवाट: चांगलं आहे. पण आधी ते सहा तपासा, नाहीतर आवक टेबलच रोगी निघायचं. साहेबांची पेनड्राइव्हही तिथूनच जाईल न?

खर्डेघाशा: ते लिहिलं नाही जी. साहेब घरच्या लॅपटॉपवरून आणतात.