मदत हवी आहे: सर्च ट्री, ऑर्डर १००, रेकॉर्ड १० लाख. लेव्हल ३, ४ की २?

घाईघाईत

सोमवारी तोंडी परीक्षा आहे, म्हणून जरा लवकर सांगा. प्रश्न सरळ आहे. सर्च ट्रीची ऑर्डर १००, रेकॉर्ड १० लाख, तर लेव्हल किती? मी १०० च्या पायावर लॉग काढला, बरोब्बर ३ आला. सरांनी फळ्यावर ४ लिहिलं आणि तेवढ्यात तास संपला. घरी येऊन खरोखरच १० लाख ओळींचं टेबल बनवलं, तर कॉम्प्युटर म्हणतो २. तिघांपैकी खरं कोण? "पुस्तक नीट वाचा" असं कुणी लिहू नका, पुस्तक वाचूनच ही वेळ आली आहे.

गणिती_बंड्या

३. १०० × १०० × १०० = १०,००,०००. यात विचारण्यासारखं काय आहे? सरांनी घाईत ४ लिहिलं असेल.

पटावरचा_उंट

बुद्धिबळात एका स्थितीतून सरासरी ३५ च्या आसपास चाली निघतात. त्या हिशोबाने चौथ्या पातळीलाच १५ लाखांवर स्थिती होतात. पण अल्फा-बीटा लावलं आणि चाली चांगल्या क्रमाने तपासल्या, तर तेवढ्याच कामात जवळजवळ दुप्पट खोल जाता येतं. तुमच्या प्रोग्राममध्ये प्रूनिंग आहे का?

घाईघाईत

अहो बुद्धिबळ नाही, डेटाबेसचं चाललंय.

रात्रपाळी

प्रश्न अर्धाच आलाय. बी-ट्री की बी-प्लस? ऑर्डर १०० म्हणजे एका नोडला जास्तीत जास्त १०० मुलं, की कमीत कमी? लीफमध्ये किती रेकॉर्ड मावतात? आणि कॉम्प्युटर २ म्हणतो म्हणजे कुठला डेटाबेस, कुठल्या कमांडला म्हणतो? हे कळल्याशिवाय तिघांपैकी एकालाही खोटं ठरवता येत नाही.

घाईघाईत

बी-प्लसच की, तेच तर शिकवतात. वहीत एवढंच आहे: "n = १००, नोडमध्ये जास्तीत जास्त n पॉइंटर, नोड किमान अर्धा भरलेला." खाली सरांनी ५० च्या पायावर लॉग लिहिलाय, तो ५० कुठून आला कळलं नाही. डेटाबेस पोस्टग्रेस. हे केलं:

```sql
CREATE TABLE nondi AS
  SELECT g AS id FROM generate_series(1,1000000) g;
ALTER TABLE nondi ADD PRIMARY KEY (id);
CREATE EXTENSION pgstattuple;
SELECT tree_level, internal_pages, leaf_pages
  FROM pgstatindex('nondi_pkey');
```

```
 tree_level | internal_pages | leaf_pages
------------+----------------+------------
          2 |             11 |       2733
```

उंबरठा

लेव्हल मोजून पोट भरत नाही. आमच्या पतसंस्थेत खातेदारांचं टेबल असंच १० लाखांच्या घरात गेलं आणि नावाने शोधायला अर्धा मिनिट लागायला लागला. मी इंडेक्स पाडून पुन्हा बांधला, दोनदा. काडीचा फरक नाही. शेवटी कुणीतरी हॅश इंडेक्स सांगितलाय, त्यात लेव्हलची भानगडच नसते म्हणे. तुम्हीही तोच लावा, मोकळे व्हा.

रात्रपाळी

उंबरठा, तुमचं नंतर बघू. एवढंच सांगा, क्वेरीत `WHERE UPPER(naav) = ...` असं काही आहे का?

घाईघाईत, आता हिशोब. लॉग बाजूला ठेव आणि ट्री वरून खाली उतर. तुझ्या वहीतल्या बी-प्लस ट्रीत वरच्या नोडला १०० पॉइंटर, पण लीफमध्ये रेकॉर्ड ९९. कारण लीफमधला शेवटचा पॉइंटर शेजारच्या लीफकडे जातो, तो रेकॉर्डच्या कामाला येत नाही.

तीन लेव्हल काठोकाठ भरल्या असं धर. रूट एक, त्याखाली १०० नोड, त्याखाली १०,००० लीफ, प्रत्येकात ९९ रेकॉर्ड. झाले ९,९०,०००. तुझ्याकडे आहेत १० लाख, म्हणजे १० हजार रेकॉर्ड दाराबाहेर उभे. तीन लेव्हलमध्ये हे बसतच नाहीत, कितीही दाबून भरा.

आता उलट टोक. नोड जास्तीत जास्त रिकामे ठेवून ट्री उगाच उंच करता येतो का? रूटला किमान दोन मुलं चालतात, बाकी सगळ्यांना किमान ५०. सरांचा ५० इथून आला. पाच लेव्हल उभ्या करायच्या तर रूटखाली २ नोड, मग १००, मग ५,०००, मग २,५०,००० लीफ, आणि प्रत्येक लीफमध्ये किमान ५० रेकॉर्ड. म्हणजे १ कोटी २५ लाख. एवढे रेकॉर्ड असल्याशिवाय पाचवी लेव्हल नियमातच बसत नाही.

तीनमध्ये मावत नाहीत, पाचला पुरत नाहीत. उत्तर ४, आणि तेही "जास्तीत जास्त ४" नाही, नेमकं ४. सरांनी ५० च्या पायावर लॉग घेतला तो ३.५३ येतो, वर ओढून ४.

गणिती_बंड्या

लीफमध्ये ९९ हे कुणी ठरवलं? वहीत तर लिहिलेलं नाही. लीफमध्ये १०० मावतात धरा, मग ३ च येतात. शेजारच्या लीफचा पॉइंटर वेगळा ठेवायला कुणी अडवलंय?

रात्रपाळी

कुणीच नाही. तसं धरलं तर तुमचं ३ बसतं, पण कसं, तर शेवटच्या लीफच्या शेवटच्या खणापर्यंत एकही जागा रिकामी नाही असं. त्यात आणखी एक रेकॉर्ड घाला. लीफ फुटतं, त्याच्या वरचा नोड आधीच भरलेला म्हणून तोही फुटतो, मग रूट फुटतो आणि चौथी लेव्हल उभी राहते. बरं, रेकॉर्ड एकेक करून घातले तर इतका ठासून भरलेला ट्री सहसा तयारच होत नाही. फुटलेले नोड निम्मे रिकामेच असतात, ते भरेपर्यंत दुसरे फुटतात.

आणि साधा बी-ट्री घेतलात, ज्यात रेकॉर्ड वरच्या नोडमध्येही बसतात, तर तीन लेव्हलमध्ये मावतात १०० चा घन वजा एक, म्हणजे ९,९९,९९९. १० लाखाला एकच कमी! तिथेही ४ च.

गणिती_बंड्या

एका रेकॉर्डने हुकलं ते हुकलं, तत्त्व चुकलेलं नाही. आणि तोंडी परीक्षेत कुणी ९९ ने भागत बसत नाही.

पटावरचा_उंट

एका प्याद्याने हरलो तरी हरलोच म्हणतात आमच्यात.

ताकभात

मी हा विषय शिकवते, म्हणून एक भर घालते. ऑर्डरची व्याख्या दोन घराण्यांत दोन तऱ्हेची आहे. बायर आणि मॅक्क्रेट यांच्या १९७२ च्या मूळ निबंधात k हा किमान आकडा आहे: रूट सोडून प्रत्येक नोडमध्ये k ते 2k किल्ल्या. कनुथ यांच्याकडे m म्हणजे जास्तीत जास्त मुलं. घाईघाईतची वही दुसऱ्या घराण्यातली आहे. पण बाहेरून आलेल्या परीक्षकाने k = १०० या अर्थाने विचारलं, तर चित्रच पालटतं. तेव्हा नोडला २०१ पर्यंत मुलं होतात. दोन लेव्हलमध्ये ४०,४०० किल्ल्या मावतात, त्या अपुऱ्या. तीनमध्ये ८१ लाखांच्या वर, म्हणजे आरामात. आणि चौथ्या लेव्हलला किमान २० लाख ६० हजारांच्या वर किल्ल्या लागतात, तेवढ्या नाहीत. म्हणून उत्तर नेमकं ३.

बंड्या, तुमचं ३ इथे बरोबर येतं, पण तुमच्या कारणाने नाही. घाईघाईत बाळा, तोंडीत आधी "जास्तीत जास्त १०० पॉइंटर धरतो" असं म्हण आणि मग आकडा सांग. आकडा आधी फेकलास की परीक्षक ऑर्डर म्हणजे काय ते विचारणार.

घाईघाईत

धन्यवाद ताई. म्हणजे सर बरोबर, हे पटलं. पण मग कॉम्प्युटर २ का म्हणतो? तो कुठल्या घराण्यातला?

रात्रपाळी

तो खालून मोजतो, आणि मोजायला शून्यापासून सुरुवात करतो. `tree_level` मध्ये लीफची लेव्हल ०, रूट २ वर. म्हणजे लेव्हल तीन झाल्या.

तरी ३ का, ४ का नाहीत? कारण तुझा १०० तिथे कुठेच नाही. तिथे नोड म्हणजे ८१९२ बाइटचं पेज, आणि त्यात मावतील तेवढ्या नोंदी. तुझ्या `id` ची एक नोंद इंडेक्समध्ये १६ बाइट खाते, वर तिचा पत्ता ठेवायला ४. पेजचं डोकं-शेपूट वजा करून ८१५२ बाइट उरतात, २० ने भागले तर ४०७. पण इंडेक्स बांधताना लीफ ९० टक्केच भरतात, पुढच्या भरतीला जागा राहावी म्हणून. हाती राहतात ३६६. आता १० लाखांना ३६६ ने भागून बघ: २७३३. तुझ्या `leaf_pages` मधला आकडा हाच आहे ना? वरचे नोड ७० टक्के भरतात, तिथे एका पेजवर सुमारे २८५ पॉइंटर. २७३३ लीफना असे १० नोड लागले, त्यावर रूट एक, म्हणून `internal_pages` ११.

रूटखाली अजून दहाच नोड आहेत हे बघ. याच भरणीने तीन लेव्हलमध्ये जवळपास तीन कोटी रेकॉर्ड जातील, तोवर तुझा २ हलणार नाही.

गणिती_बंड्या

`id` bigint केला तर नोंद मोठी होईल, मग लेव्हल वाढणार ना?

रात्रपाळी

करून बघा. या इंडेक्सचा आकार तेवढाच राहील, कारण नोंद ८ बाइटच्या पटीत गोल होते. ४ बाइटचा int सुद्धा आधीच ८ ची जागा अडवून बसलेला असतो. लांब मजकुराच्या कॉलमवर इंडेक्स टाकला की मात्र एका पेजवर कमी नोंदी बसतात, तिथे चौथी लेव्हल लवकर दिसेल.

उंबरठा

माझ्या क्वेरीत UPPER आहे. नावं कुणी लहान लिपीत भरली, कुणी मोठ्या, म्हणून घातला. त्याचा इथे काय संबंध?

रात्रपाळी

संबंध हाच, की `naav` वरचा इंडेक्स त्या क्वेरीला वापरताच येत नाही. ती सगळं टेबल चाळते, म्हणून अर्धा मिनिट. `CREATE INDEX ON khatedar (UPPER(naav));` करा. हॅश नको, उद्या "पाट" पासून सुरू होणारी सगळी नावं मागाल तेव्हा तो कामाचा नाही.

उंबरठा

आमच्याकडे ते रात्री बँकिंग बंद झाल्यावरच करता येतं. करून कळवतो. पण हॅश वाईट नाही, मी वाचलंय.

घाईघाईत

४ लिहून ठेवलं, शेजारी "जास्तीत जास्त १०० पॉइंटर, लीफमध्ये ९९". ताई, लीफमध्ये १०० धरा असं परीक्षकच म्हणाले तर?

ताकभात

तर ३ म्हण, आणि लगेच जोड की एक रेकॉर्ड वाढला की ४.

गणिती_बंड्या

म्हणजे ३. पहिल्या प्रतिसादात हेच लिहिलं होतं.